जास्तीचं छिद्र

ज्याच्या पायांना काही कळत नाही, त्याने पाणी कोपराने बघायचं असतं. केंद्रात आल्यावर सगळ्यात आधी हेच शिकवतात. कंबरेखालचं अंग आपलंच असतं, पण त्याची बातमी वरपर्यंत पोचत नाही. मागच्या थंडीत एका मुलीने घाईत नळ सोडला आणि गप्पा मारत अंघोळ उरकली. पायांची सालं निघाल्याचं तिला टॉवेल बघून कळलं. त्या दिवसापासून मॅडम जुन्या गिझरकडे सापाकडे बघावं तसं बघत.

मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख. देणगी मिळाली तेव्हा त्यांनी ठरवलं, गच्चीवर सोलर हीटर आणि विजेची पॅनेल दोन्ही बसवायची, पण एकदाच आणि नीट. "पुन्हा कोणी देणगी देणार नाही," त्या म्हणाल्या. "वॉरंटी, सर्टिफिकेट आणि बसवणाऱ्याचं नाव, या तिन्हीत जो टिकेल तोच यादीत राहील. गोड बोलणाऱ्याला चहा पाजू आणि वाटेला लावू."

निवडीला त्यांनी दोघांना सोबत घेतलं. एक मास्तर, वॉकर धरून चालणारे, बारीक अक्षर वाचण्याची भारी हौस असलेले. दुसरा वायरमन. त्याला केंद्रात सगळे वायरमनच म्हणत. खांबावरून पडण्याआधी त्याने अर्धं आयुष्य तारांत काढलं होतं. आता चाकाच्या खुर्चीत बसून तो केंद्रातले पंखे, बेल आणि लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचा.

पहिल्याच दिवशी त्याने मॅडमना सांगितलं, "काम मागायला आलेल्या पाच जणांत एक माझा धाकटा भाऊ आहे. मला यातून वगळा."

मॅडमनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. "वगळलं तर छपरावरचं मला कोण समजावणार? मास्तर?"

"मला फ्यूज कशाशी खातात ते माहीत नाही," मास्तर म्हणाले.

"मग असं करू. भावाच्या कामावर तुम्ही अवाक्षर काढायचं नाही. ना चांगलं, ना वाईट. त्याचं आम्ही दोघं बघू. चालेल?"

"चालेल," वायरमन म्हणाला. त्या वेळी ते त्याला सोपं वाटलं होतं.

खरं तर धाकट्याला हे काम मिळावं म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता. उपचार संपले होते. महिनाअखेर त्याची खाट दुसऱ्या कोणाला द्यायची होती आणि त्याने धाकट्याच्या घरी जायचं ठरलं होतं. तळमजल्यावरची सामानाची खोली रिकामी झाली होती, दारासमोरच्या पायऱ्यांवर उतार बांधायला गवंडी सांगितला होता. पण नुसतं जाऊन पडून राहायचं नव्हतं. धाकटा म्हणाला होता, "दादा, हे काम झालं की कंपनी मला अधिकृत बसवणारा करते. मग धंदा दोघांचा. मी वर चढतो, तू खाली बसून फोनवर बघ आणि सांग. तुझ्यासारखी नजर माझ्याकडे नाही." हे ऐकल्यापासून वायरमनला झोप गोड लागत होती. भाऊ आणि भावजयीच्या घरात खाटेवरचं ओझं होऊन जाणं वेगळं आणि धंद्यातला भागीदार होऊन जाणं वेगळं.

कागद तपासायला तिघं व्यायामाच्या खोलीत बसले. पहिल्या कंपनीचं सर्टिफिकेट चकाचक होतं, शिक्का, सही, सगळं. मास्तरांनी त्यावरचा नंबर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर घालून बघितला. नंबर खरा निघाला. पण सोबतच्या मॉडेलांच्या यादीत, हे लोक देणार होते ते पॅनेलच नव्हतं.

"म्हणजे खोटं आहे का?" मॅडमनी विचारलं.

"खोटं नाही. थोरल्या भावाचा पासपोर्ट दाखवून धाकट्याने विमानात बसायचा प्रकार आहे," मास्तर म्हणाले आणि मग वायरमनकडे बघून जीभ चावली. "तुमच्याबद्दल नाही हो."

दुसऱ्याने पंचवीस वर्षांची वॉरंटी मोठ्या अक्षरात छापली होती. वायरमनने समजावलं की ती वीज किती बनेल त्याची. पॅनेल दरवर्षी थोडंथोडं म्हातारं होतं, त्या उतरणीची ती हमी. काच, फ्रेम, मागची पेटी बिघडली तर लागते ती वॉरंटी निराळी, आणि ती यांच्याकडे बरीच कमी वर्षांची. शिवाय वॉरंटी बनवणाऱ्या कंपनीची नव्हती, माल आणून विकणाऱ्याची होती.

"आणि हा विकणारा कधीपासून धंद्यात आहे?"

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "परवापरवापासून. पंचवीस वर्षांचा शब्द देणारा स्वतः अजून दुधाच्या दातांचा आहे."

दोघं बाजूला पडले. उरले तीन. धाकट्याच्या पॅनेलची कंपनी जुनी होती, मॉडेल सर्टिफिकेटच्या यादीत होतं, दोन्ही वॉरंट्या बनवणाऱ्याच्याच नावाने होत्या. वायरमन खिडकीबाहेर बघत बसला, पण छातीत काहीतरी फुलत होतं. तेवढ्यात मास्तरांनी त्याच कंपनीचं बसवण्याचं पुस्तक उघडलं.

"हे कशाला वाचता आता?" मॅडम म्हणाल्या.

"वॉरंटीचं पत्र म्हणतं, पुस्तकाप्रमाणे बसवलं असेल तरच वॉरंटी. मग पुस्तक नको बघायला? ऐका. क्लॅम्प ठरलेल्या जागीच लावावा. वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत घालू नयेत. पॅनेलवर उभं राहू नये, हे तर शहाण्याला सांगायला नको. आणि हे, फ्रेमला नवीन छिद्र पाडू नये, पाडल्यास वॉरंटी रद्द. अर्थिंग कंपनीने खूण केलेल्या भोकातूनच, दातेरी वॉशर लावून घ्यावं."

मास्तर पुढे वाचत राहिले. वायरमनला पुढचं काही ऐकू आलं नाही.

त्याला आठवत होता लोखंडी पॅनेलबोर्डासमोर उभा असलेला धाकटा, कानशिलं लाल झालेली. त्याने अर्थिंगची तार रंगावरच बोल्टने आवळली होती. मिशीही न फुटलेल्या त्या पोराला वायरमनने सगळ्यांदेखत झापलं होतं. "रंगावर बसलेलं अर्थिंग म्हणजे देखावा. दुसऱ्याने पाडलेल्या भोकावर विसंबायचं नाही. आपलं स्वतःचं छिद्र पाडायचं, ताजा धातू दिसला पाहिजे, मग आवळायचं. माणसाचा जीव असतो त्यावर." धाकट्याने ते मनावर घेतलं होतं. त्यानंतर त्याचं अर्थिंग कधीच सैल निघालं नाही. लोखंडासाठी ते अगदी बरोबर होतं.

"वायरमन, कुठे हरवलात?" मॅडम म्हणाल्या. "उद्या छपरं बघायची. धाकट्याचंही."

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. तो उतारासाठी किती जागा लागते ते सांगत होता, खोलीला कोणता रंग द्यायचा ते विचारत होता, मागून भावजय ओरडत होती, "भाऊजींना विचारा, खिडकीला पडदा हवा की जाळी." वायरमन हो-नाही करत राहिला. एक प्रश्न त्याच्या जिभेवर येऊन बसला होता. पॅनेलचं अर्थिंग कुठून घेतोस? एवढंच विचारायचं. पण विचारलं की धाकट्याला कळणार. उद्या मॅडम कुठलं छप्पर निवडतील ते माहीत नव्हतं, तरी तो कुठेतरी धावेल, काहीतरी झाकेल. आणि ते झाकायला आपणच सांगितल्यासारखं होईल.

"गप्प का आहेस? बरं नाही का?" धाकट्याने विचारलं.

"जाळी लाव," वायरमन म्हणाला. "डास फार आहेत म्हणतोस ना."

मॅडमची छपरं बघायची पद्धत त्यांची स्वतःची होती. बसवणाऱ्याने कौतुकाची पत्रं जोडलेली असायची, ती त्या बाजूला ठेवत. त्याने केलेल्या कामांपैकी जुन्यातलं जुनं मागत आणि तिथे, ज्याने पैसे दिले त्याला न विचारता जो शेवटी अंघोळ करतो त्याला विचारत. सकाळी पहिलं छप्पर एका वसतिगृहाचं होतं. तिथे सोलरच्या टाकीवरच्या हवेच्या पाइपला लाकडी बूच ठोकलेलं निघालं. ठिबकायचं म्हणून तिथल्या माणसाने बसवलं होतं. वायरमन खालून व्हिडिओ कॉलवर बघत म्हणाला, "मॅडम, ते आधी काढायला सांगा. वाफेला वाट नाही राहिली तर टाकी फुगेल, आणि गार पडताना हवा आत आली नाही तर डब्यासारखी चेपेल." बसवणाऱ्याला दोनदा बोलावलं होतं, तो फिरकलाच नव्हता. त्या नावावर मॅडमनी तिथेच काट मारली.

आता दोनच उरले. त्यानंतर बघितलेलं दुसऱ्याचं छप्पर नुसतं ठीक होतं. काम नेटकं, वॉरंटी थोडी कमी वर्षांची, माणूस बोलायला रुक्ष. धाकट्याचं छप्पर चांगलं निघालं तर निवड तिथेच संपणार होती.

ते एका लॉजचं छप्पर होतं. जिना अरुंद, लिफ्ट नाही. वायरमन काउंटरपाशी खुर्ची लावून बसला. काउंटरमागे लॉजच्या मॅनेजरबाई किल्ल्या पुसत होत्या. धाकटा बातमी लागल्यामुळे स्वतःच आला होता, नवा शर्ट घालून. जिना चढण्याआधी त्याने वायरमनच्या खांद्यावर हात ठेवला. "फोन मीच धरतो. तुला नीट दिसेल."

"मला काही बोलायचं नाही, माहीत आहे ना?"

"नको बोलूस. नुसतं बघ आणि खूश हो."

मॅडम आणि धाकटा वर गेले. फोनच्या पडद्यावर आधी ऊन उसळलं, मग टाकी दिसली. हवेचा पाइप मोकळा, वर उंच घेतलेला. गरम पाण्याच्या नळीवर जाड आवरण, आवरणावर उन्हापासून पत्रा.

"वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली आहे, तिथे सगळ्यात शेवटी पाणी पोचतं," मॅनेजरबाई इकडे वायरमनला सांगत होत्या. "पण कोणाची तक्रार नाही. तुमच्या भावाचं काम म्हणजे एकदा केलं की विसरा. मी दोघांना त्याचं नाव सांगितलंय."

वर मॅडम नळाखाली कोपर धरून उभ्या होत्या. "पाणी बरोबर आहे. आता गार बंद करा."

धाकट्याने गार पाण्याचा कॉक फिरवला. मिक्सिंग व्हॉल्व्ह चांगला असेल तर गार पाणी गेल्यावर त्याने गरमही रोखायला हवं, नाहीतर उकळतं पाणी सरळ अंगावर येतं. नळाची धार बारीक झाली, तुटली, थेंब उरला. मॅडमनी कोपर काढला नव्हता. फोनवर त्यांचा सुस्कारा ऐकू आला.

"हेच हवं होतं मला," त्या म्हणाल्या. "इतकं कोणीच दाखवलं नव्हतं."

"आता पॅनेल," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. वायरमनने फोन डोळ्यांजवळ घेतला. पडद्यावर निळी पॅनेल सरळ ओळीत उतरत गेली. क्लॅम्प बरोबर जागी. कनेक्टर एकाच कंपनीचे, तारा पत्र्याला न घासता बांधलेल्या. कदाचित भीती उगाच होती. कदाचित याने पुस्तक वाचलं असेल. कदाचित कंपनीच्या माणसाने सांगितलं असेल.

"अर्थिंग बघायचंय का?" धाकट्याने कोणी न विचारता म्हटलं. "थांबा, आडवा होतो."

पडदा हलला, आभाळ आलं, मग पॅनेलची खालची पांढरी बाजू. धाकटा पाठीवर सरकत आत गेला होता. फ्रेमच्या कडेला हिरवी तार, तिच्या टोकाला लग, म्हणजे धातूची चकचकीत कडी, त्यातून स्टीलचा बोल्ट. बोल्टच्या भोवती नखाएवढी जागा घासून उघडी केलेली. इतक्या वर्षांत तिथे मळ धरला होता, पण कडा अजून साफ होती, हाताने पाडलेल्या छिद्राची. बाजूलाच वीतभर अंतरावर दुसरं भोक होतं, रिकामं, आणि त्याच्याशेजारी फ्रेमवर अर्थिंगची खूण दाबलेली.

"बघ दादा, प्रत्येक फ्रेमला आपलं स्वतःचं छिद्र. ताजा धातू. तू शिकवलंस तसंच. आजवर एकही सोडलेलं नाही."

"फार व्यवस्थित काम दिसतंय," मॅडमचा आवाज आला. त्यांना वाकून जेवढं दिसलं तेवढं दिसलं होतं. "वायरमन, तुम्ही बोलायचं नाही, आपलं ठरलंय. पण तुमचा चेहरा मला इथून दिसतोय असं समजा." त्या हसल्या. आज पहिल्यांदाच त्या हसल्या होत्या.

काउंटरवर किल्ल्या वाजत होत्या. बोलायचं नाही हे ठरलं होतं. बोलायचं नाही हे मॅडमनीच आता पुन्हा सांगितलं होतं. गप्प बसायला कोणी त्याला दोष दिला नसता. पॅनेल चालत राहिली असती. कदाचित वॉरंटीची वेळच आली नसती. आणि आली असती तर केंद्रात त्या वेळी कोण असेल, कोण नसेल. त्याला जाळी लावलेली खिडकी दिसली. मग त्याला त्या मुलीचे पाय दिसले, जिला टॉवेल बघून कळलं होतं.

"धाकट्या," तो म्हणाला, "बाजूला रिकामं भोक आहे, ते दाखव मॅडमना."

"कंपनीचं आहे ते. मी नाही वापरत. त्याच्यावर रंगासारखं काहीतरी असतं."

"तो रंग नाही. ॲल्युमिनियमवर थर चढवलेला असतो, वीज जाऊ न देणारा. त्यासाठी दातेरी वॉशर येतो, दात त्या थरातून आत घुसतात. नवीन छिद्र पाडायचं नसतं. मॅडम, पुस्तकातलं कलम आठवतं ना? नवीन छिद्र पाडलं की वॉरंटी रद्द. या सगळ्या पॅनेलांची गेलेली आहे."

पडद्यावर फ्रेम तशीच स्थिर होती, हिरवी तार, चकचकीत लग.

"म्हणजे काम वाईट आहे?" मॅडमनी हळू विचारलं.

"काम पक्कं आहे. अर्थिंग लागतं. माणसाला धक्का बसणार नाही. पण उद्या पॅनेल बिघडलं तर कंपनी येईल, छिद्र बघेल आणि परत जाईल."

इकडे मॅनेजरबाईंनी किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवला होता. "काय म्हणालात? आमची वॉरंटी गेली?"

वायरमनने त्यांच्याकडे बघितलं नाही. फोनमधून धाकट्याचा आवाज आला, इतका बारीक की पोरवयातला वाटावा.

"तू आत्ता सांगतोस? इथे?"

"आत्ताच दिसलं."

"तुला कधी कळलं?"

वायरमनने फोनचा पडदा बाहीने पुसला.

"कालच कळलं होतं. म्हणून गप्प होतास. म्हणे जाळी लाव." धाकटा अजून पॅनेलखाली पाठीवरच पडला असावा, त्याचा श्वास फोनवर आपटत होता. "मला कोणी सांगितलं होतं असं करायला?"

"मीच. लोखंडाला ते बरोबर होतं. हे आलं तेव्हा तू पुस्तक वाचायला हवं होतंस."

"मी कधी वाचलंय? तू सांगायचास, मी करायचो." आणि पडदा काळा झाला.

खाली उतरल्यावर मॅडमनी जे सांगायचं ते सरळ सांगितलं. पाण्याच्या हीटरसाठी धाकट्याचं नाव यादीत राहील, तिथे त्याच्याएवढं चांगलं कोणी नाही. पॅनेलसाठी राहणार नाही. "आपण वॉरंटी बघून निवडतोय. ती जपता न येणाऱ्याला मी कसं ठेवू?"

"मला कशातच ठेवू नका," धाकटा म्हणाला. मॅनेजरबाई त्याला काहीतरी विचारत होत्या. "बघतो," एवढंच तो म्हणाला आणि वायरमनच्या खुर्चीला वळसा घालून निघून गेला. शर्टाच्या पाठीला छपराची धूळ लागली होती. ती झटकायला नेहमी दादाचा हात पुढे व्हायचा.

गाडीत मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नियम मोडलात."

"हो."

"मला तुमचे आभार मानायला हवेत. पण मानवत नाहीत."

पॅनेलचं काम त्या रुक्ष माणसाकडे गेलं, आणि धाकट्याने माघार घेतल्यामुळे हीटरचंही. त्यानंतर धाकट्याचा फोन आला नाही. वायरमनने केला तेव्हा वाजत राहिला. मग एके दुपारी भावजयीचा आला. "भाऊजी, घरात बोलणंच बंद आहे. त्या पुस्तकात डोकं घालून बसतात नाहीतर बाहेर जातात. आज गवंडी आला होता, त्यालाही परत पाठवला."

"उतार झाला नाही?"

"कुठला उतार. अर्धा होता तोही फोडायला लावला." ती थांबली. "मी काय सांगू तुम्हाला."

"काही सांगू नकोस," वायरमन म्हणाला. "तुझं लक्ष असू दे त्याच्याकडे. जेवतो ना?"

मॅडमनी आधीच विचारून ठेवलं होतं की दुसरी काही सोय लागणार का. खाटेची वाट बघणारा माणूस दुसऱ्या गावाहून निघाला होता. लांबच्या एका संस्थेत जागा होती. वायरमनने अर्ज घेतला, भरला नाही, उशीखाली ठेवला.

जायच्या दिवशी सकाळी त्याची पिशवी दाराशी होती आणि कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. मास्तर वॉकर धरून शेजारी उभे होते. "माझ्या खाटेखाली जागा आहे," ते म्हणाले. "घोरत नसाल तर."

"मी घोरतो."

"मग प्रश्नच मिटला."

फाटकातून टेम्पो आत आला. धाकटा उतरला. दाढी वाढलेली, हातात लाकडाच्या दोन रुंद फळ्या. त्याने कोणाकडे न बघता त्या टेम्पोच्या मागच्या बाजूला लावल्या, पायाने दाबून बघितल्या आणि मग खुर्चीमागे येऊन मुठी धरल्या.

"गवंड्याला परत पाठवलंस म्हणे," वायरमन समोर बघत म्हणाला.

"उतार फार उभा काढत होता. तुझ्या खुर्चीला फूटभर चढायचं तर बारा फूट लांबी लागते. लिहिलेलं असतं ते. तो निम्म्यात उरकत होता." खुर्ची फळ्यांवर चढली. "आज पुन्हा येणार आहे. तोपर्यंत याच फळ्या."

धाकट्याने चाकांना अडसर लावले, पट्टा आवळला, ओढून बघितला.

"माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला. "तू आदल्या दिवशी मला सांगू शकत होतास."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

धाकट्याने विचार केला. "ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "म्हणूनच राग जात नाही."

मास्तर हात हलवत राहिले. टेम्पो घराच्या रस्त्याला न वळता बाजाराकडे निघाला. एका पिठाच्या गिरणीसमोर तो थांबला. गिरणीच्या पत्र्यावर पॅनेल चमकत होती. वायरमनने ती ओळखली. त्याने ती कधी पाहिली नव्हती, पण तारा ज्या पद्धतीने बांधल्या होत्या ती पद्धत त्याची स्वतःची होती.

"लॉजवाल्या बाईंना कळलं. बाकीच्यांना अजून कळलेलं नाही," धाकटा म्हणाला. "कंपनीला मी लिहिलंय. काय म्हणतील माहीत नाही. पण यांना मी तोंडाने सांगणार आहे. एकेका छपरावर नेऊन, छिद्र दाखवून." त्याने फोन लावला. वायरमनच्या मांडीवरचा फोन वाजला. "चालू ठेव. तुला सगळं दिसेल."

गिरणीवाला पीठ झटकत बाहेर आला, हसून धाकट्याच्या पाठीवर थाप मारून त्याला आत घेऊन गेला. पडद्यावर शिडी आली, मग पत्रा, मग ऊन. गिरणीवाला म्हणत होता, "कसली अडचण? एकदम मस्त चालतंय की सगळं." फोन पॅनेलखाली गेला. हिरवी तार, चकचकीत लग, बोल्ट. शेजारी रिकामं भोक.

धाकटा काही बोलेना. गिरणीवाला वाट बघत होता. वायरमनने फोन तोंडाजवळ नेला.

"दादा," वरून आवाज आला, "ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"मग तू काही बोलू नकोस. हे मी सांगतो."